वर्षाच्या मध्येच घेतलेली लायसन्स, एकच रिन्यूअल तारीख आणि प्रो-रेटा बिलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कंपनीसाठी सॉफ्टवेअर खरेदी करणाऱ्यांसाठी आणि ती बिलं पास करणाऱ्या अकाउंट्सच्या मंडळींसाठी आहे. शक्य तिथे आम्ही एकच उदाहरण धरलं आहे. पुण्यातल्या एका कंपनीने १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या मुदतीसाठी ६० सीट घेतल्या. दर सीटमागे वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे जीएसटी सोडून ७,२०,००० रुपये, आणि ते आगाऊ भरले. ऑगस्टमध्ये नवीन माणसं रुजू झाली, म्हणून १८ ऑगस्टपासून आणखी १५ सीट घेतल्या. खालचे आकडे याच व्यवहाराचे आहेत.

को-टर्म करणं म्हणजे नेमकं काय?

नंतर घेतलेल्या सीटची मुदत मूळ कराराच्या मुदतीबरोबरच संपवणं. नव्या १५ सीट १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाल्या, पण त्या १७ ऑगस्ट २०२६ पर्यंत चालत नाहीत. बाकीच्या ६० सीटसोबत त्याही ३१ मार्च २०२६ ला संपतात. वर्ष पूर्ण मिळत नाही, म्हणून पैसेही पूर्ण वर्षाचे घेत नाहीत. जेवढे दिवस उरलेत तेवढ्यांचेच लागतात, आणि त्यालाच प्रो-रेटा बिल म्हणतात.

को-टर्म केलं नाही तर दोन रिन्यूअल तारखा होतात. वर्षभरात तीन वेळा सीट वाढवल्या तर चार तारखा, चार नोटीस-मुदती आणि चार वेळा वाटाघाटी. यातली एखादी तारीख नजरेतून सुटते आणि तेवढ्या सीट आपोआप पुढच्या वर्षासाठी रिन्यू होतात. शिवाय ७५ सीट एकत्र टेबलावर ठेवून दर मागणं आणि १५ सीट सुट्या घेऊन दर मागणं यात फार फरक पडतो. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: खास कारण नसेल तर को-टर्मच करा. दुसऱ्या विभागाच्या बजेटमधून घेतलेल्या किंवा ठरावीक प्रकल्पापुरत्या सीट हे एक खरं कारण असू शकतं.

बिलातली रक्कम कशी काढतात?

तीन गोष्टी लागतात: वर्षाचा दर, उरलेले दिवस आणि मुदतीचे एकूण दिवस.

उरलेले दिवस मोजू. ऑगस्टचे १८ ते ३१ धरून १४, सप्टेंबरचे ३०, ऑक्टोबरचे ३१, नोव्हेंबरचे ३०, डिसेंबरचे ३१, जानेवारीचे ३१, फेब्रुवारीचे २८ आणि मार्चचे ३१. बेरीज २२६. मुदतीचे एकूण दिवस ३६५.

१५ सीटचा पूर्ण वर्षाचा दर १,८०,००० रुपये. त्याला २२६ ने गुणून ३६५ ने भागलं की १,११,४५२.०५ रुपये येतात. व्हेंडर बंगळुरूचा असेल तर त्यावर १८ टक्के आयजीएसटी २०,०६१.३७ रुपये, आणि एकूण बिल १,३१,५१३.४२ रुपये.

एक्सेलमध्ये हे असं लिहा:

```
=ROUND(15*12000*(DATE(2026,3,31)-DATE(2025,8,18)+1)/365,2)
```

शेवटचा `+1` विसरू नका. दोन तारखांची वजाबाकी २२५ येते, कारण त्यात पहिला दिवस धरलेला नसतो. `DAYS` हे फंक्शनही २२५ च देतं. पण सीट १८ तारखेला वापरायला मिळाल्या आणि ३१ मार्चलाही वापरता येतात, म्हणजे दोन्ही टोकांचे दिवस मोजायचे.

आम्ही काढलेला आकडा आणि व्हेंडरचा आकडा जुळत नाही. फसवणूक आहे का?

बहुतेक वेळा नाही. दिवसांऐवजी महिने मोजले की आकडा बदलतो, आणि महिने मोजण्याच्याही अनेक रीती आहेत. त्याच १५ सीटचं, त्याच तारखांचं गणित चार रीतींनी असं येतं:

| रीत | कसं मोजलं | रक्कम |
|---|---|---|
| रोजचे दिवस | २२६ भागिले ३६५ | १,११,४५२.०५ |
| ३० दिवसांचा महिना | २२३ भागिले ३६० | १,११,५००.०० |
| महिने आणि वरचे दिवस | ७ महिने आणि १४ दिवस | १,११,९०४.११ |
| पूर्ण महिने, वर चढवून | ८ महिने | १,२०,०००.०० |

पहिल्या तीन ओळींतला फरक पाचशे रुपयांच्या आत आहे. त्यावर ईमेल खर्च करण्यात अर्थ नाही, फक्त एकदा रीत विचारून लिहून ठेवा. चौथी ओळ मात्र साडेआठ हजारांनी जास्त आहे. या रीतीत महिन्याचा एक दिवस वापरला तरी पूर्ण महिना लागतो. इथे १८ तारखेपासून सुरुवात केल्यामुळे १ ते १७ ऑगस्टचे पैसे न वापरता गेले.

तिसऱ्या ओळीत एक गोम आहे. व्हेंडरची प्रणाली १८ ऑगस्टपासून महिने मोजत जाते, १७ मार्चला सात महिने पूर्ण होतात आणि १८ ते ३१ मार्च हे १४ दिवस शेवटी उरतात. त्या १४ दिवसांना ती सरासरी महिन्याने, म्हणजे ३६५ भागिले १२ ने भागते. दुसरी एखादी प्रणाली तुटका महिना सुरुवातीला धरते. मग १४ दिवसांना ऑगस्टच्या ३१ ने भाग जातो आणि रक्कम १,११,७७४.१९ होते. दोन्ही बिलांवर ‘७ महिने १४ दिवस’ असंच छापलेलं असतं, म्हणून डोकं खाजवत बसावं लागतं.

व्हेंडर कोटेशनसाठी सेल्सफोर्स सीपीक्यू वापरत असेल तर हे ठरवणाऱ्या सेटिंगचं नाव `Subscription Prorate Precision` आहे आणि त्यात `Day`, `Month`, `Monthly + Daily` असे पर्याय असतात. सेल्सवाल्याला ‘प्रो-रेटा कसं काढलं?’ असं मोघम विचारण्यापेक्षा ‘तुमच्याकडे हे सेटिंग कशावर आहे?’ असं विचारलं की प्रश्न योग्य माणसाकडे जातो आणि उत्तर लवकर येतं.

व्हेंडर पूर्ण महिन्याची रीत सोडायला तयार नसेल तर खरेदीच महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरू करा. १८ ऑगस्टऐवजी १ सप्टेंबर धरली तर त्याच रीतीने सात महिने, म्हणजे १,०५,००० रुपये होतात.

दिवसांचीच रीत आहे, तरी नेमका एका दिवसाचा फरक येतो. का?

आपल्या उदाहरणात १५ सीटचा एक दिवस ४९३.१५ रुपयांचा आहे. फरक बरोबर तेवढाच असेल तर तीन जागा तपासा.

पहिली जागा शेवटच्या तारखेची. काही करारांत मुदत ‘३१ मार्चपर्यंत’ असते, काहींत ‘१ एप्रिलला संपते’ असं असतं. दुसऱ्या प्रकारात १ एप्रिल हा दिवस मोजायचा नसतो, पण प्रणालीत ती तारीख शेवटची म्हणून भरली की तो मोजला जातो.

दुसरी जागा वेळेच्या पट्ट्याची. व्हेंडर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा असेल आणि तुम्ही १८ ऑगस्टला सकाळी दहा वाजता पोर्टलवरून सीट वाढवल्या, तर तिथे १७ ऑगस्टचे रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. बिलावर १७ तारीख येते आणि दिवस २२७ होतात. तशी खरेदी दुपारी साडेबारानंतर केली की तिथल्या उन्हाळ्यात दोन्हीकडे तारीख एकच असते.

तिसरी जागा लीप वर्षाची. १ एप्रिल २०२७ ते ३१ मार्च २०२८ या मुदतीत २९ फेब्रुवारी येतो, म्हणजे दिवस ३६६. भागाकार मात्र ३६५ ने केला तर रक्कम किंचित फुगते. हे पकडायची सोपी कसोटी अशी: सूत्रात मुदतीची पहिली आणि शेवटची तारीख घाला. उत्तर वर्षाच्या पूर्ण दराएवढंच यायला हवं. पैशानेही जास्त आलं तर भाजक चुकला आहे.

सुरुवातीची तारीख कोणती धरायची? सही केल्याची, पीओची की सीट चालू झाल्याची?

कायद्याने एकच उत्तर ठरलेलं नाही, ऑर्डर फॉर्मवर जे लिहिलं असेल ते. आणि खरा पैसा इथेच जातो, दिवस मोजण्याच्या रीतीत नाही.

समजा ऑर्डर फॉर्मवर ४ ऑगस्टला सही झाली, पण ॲडमिनच्या पानावर सीटची संख्या ६० वरून ७५ झाली ती १८ ऑगस्टला. व्हेंडरने सहीची तारीख धरली तर १४ दिवस वाढतात आणि बिल ६,९०४.११ रुपयांनी चढतं, वर जीएसटी. त्या दोन आठवड्यांत एकही नवीन माणूस लॉगिन करू शकलेला नसतो.

म्हणून ऑर्डर फॉर्ममध्ये ‘सेवा सुरू होण्याची तारीख’ या रकान्यात तारीख आकड्यांत लिहून घ्या. ‘सही झाल्यावर’ असं लिहू देऊ नका. त्याखाली एक वाक्य जोडता आलं तर उत्तम: सीट त्या तारखेनंतर उपलब्ध झाल्या तर सुरुवातीची तारीख उपलब्ध झाल्याच्या दिवसापर्यंत पुढे सरकेल, शेवटची तारीख मात्र तीच राहील. आणि सीट वाढल्या त्या दिवशी ॲडमिनच्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवा. वाद झालाच तर तोच पुरावा असतो.

नव्या सीटना जुना दर मिळतो का?

करारात लिहिलं असेल तरच मिळतो. मूळ दर बऱ्याचदा वाटाघाटी करून खाली आणलेला असतो आणि करार गप्प असेल तर व्हेंडर मधल्या खरेदीला त्या दिवशीचा छापील दर लावू शकतो. समजा तो १५,००० आहे. मग आपल्या १५ सीटचे २२६ दिवसांचे १,३९,३१५.०७ रुपये होतात, म्हणजे जवळजवळ २८,००० जास्त. प्रो-रेटाचं गणित अगदी बरोबर असतं, दरच वेगळा असतो. त्यामुळे दिवस तपासून बिल पास करणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही. बिल हातात आलं की आधी उलटं गणित करा: रक्कम गुणिले ३६५, भागिले २२६, भागिले १५. उत्तर १२,००० आलं पाहिजे.

पहिल्या करारावर सही करतानाच ‘मुदतीत वाढवलेल्या सीटना हाच दर लागू राहील’ हे वाक्य घालून घ्यायचं. ते तेव्हा सहज मिळतं, कारण व्हेंडरलाही तुम्ही वाढावं असंच वाटत असतं. ऑगस्टमध्ये नवी माणसं खुर्चीवर बसून वाट पाहत असताना मागायला गेलात तर हातात काही उरलेलं नसतं.

संख्येप्रमाणे दर उतरणारी टप्प्यांची योजना असेल तर आणखी एक प्रश्न विचारून ठेवा. ७५ सीट झाल्यामुळे खालचा टप्पा लागला, तर तो फक्त नव्या १५ ला लागतो की साऱ्या ७५ ला? मुदतीच्या मध्ये तो सहसा नव्यांनाच लागतो. जुन्या ६० चे पैसे आधीच भरलेले असतात आणि व्हेंडर ते परत करत नाही. रिन्यूअलला मात्र सगळ्यांना तोच टप्पा मागायला हवा.

करार तीन वर्षांचा आहे आणि पैसे दरवर्षी भरतो. मग कोणत्या तारखेशी जुळवायचं?

इथे दोन तारखा असतात आणि त्या वेगळ्या ओळखायला हव्यात. एक कराराची शेवटची तारीख, दुसरी दरवर्षीच्या बिलाची. करार १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२८ असेल तर नव्या सीटची मुदत २०२८ च्या ३१ मार्चला संपते, पण पहिलं तुटक बिल ३१ मार्च २०२६ पर्यंतचंच यायला हवं. पुढे दर १ एप्रिलला ७५ सीटचं एकत्र बिल.

म्हणजे नव्या सीटचे आधी १,११,४५२.०५, मग १,८०,००० आणि पुन्हा १,८०,०००, मिळून ४,७१,४५२.०५ रुपये.

यात दोन चुका होतात. व्हेंडरची प्रणाली कधी संपूर्ण उरलेल्या मुदतीचं, ९५७ दिवसांचं, एकच बिल काढते. तुमच्या करारात दरवर्षी पैसे भरायचं ठरलं असेल तर ते परत पाठवा. दुसरी चूक लहान आहे. ९५७ दिवसांना सरळ ३६५ ने भागलं तर एकूण ४,७१,९४५.२१ येतात. वरच्या बेरजेपेक्षा साधारण ४९३ रुपये जास्त, म्हणजे बरोबर एक दिवस. तो २९ फेब्रुवारी २०२८ चा. पूर्ण वर्षांना पूर्ण वर्षाचा दर लावायचा आणि दिवस फक्त तुटक भागाचे मोजायचे, असं ठरवलं की हा दिवस निघून जातो.

पीओ आणि बिल जुळत नाही म्हणून बिल अडकलं. पीओ कसा काढायला हवा होता?

अकाउंट्समध्ये सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. पीओवर लिहिलेलं असतं: १५ सीट, दर १२,०००. बिलावर येतं: १५ सीट, दर ७,४३०.१४, रक्कम १,११,४५२.०५. आता बिलावरचेच आकडे गुणून पाहा. ७,४३०.१४ गुणिले १५ होतात १,११,४५२.१०. पाच पैशांचा फरक, कारण खरा दर ७,४३०.१३६९… असा लांबत जातो आणि छापताना दोन स्थळांवर आणलेला असतो. मोठी ईआरपी प्रणाली पाच पैशांवरही बिल रोखून धरते. काही व्हेंडर तर दर १२,००० च ठेवतात आणि नगाच्या जागी ९.२८७७ असा आकडा टाकतात. मग १५ सीट मागवल्या आणि सव्वानऊच आल्या, असं स्टोअरवाल्याला वाटतं.

सोपा उपाय असा की पीओ वार्षिक दराने काढूच नका. आधी व्हेंडरचं कोटेशन घ्या आणि पीओवर नग १, रक्कम १,११,४५२.०५ अशी एकच ओळ घाला. वर्णनात लिहा: ‘१५ सीट, १८.०८.२०२५ ते ३१.०३.२०२६, २२६ दिवस, वार्षिक दर १२,००० प्रति सीट.’ व्हेंडरलाही बिलावर हेच वर्णन आणि हीच एक ओळ द्यायला सांगा. तपासणाऱ्याला हवं ते सगळं त्या ओळीत असतं आणि पैशांची ओढाताण होत नाही.

पीओ उशिरा निघाला आणि सुरुवातीची तारीख सरकली, तर कोटेशनही नवीन घ्या. जुन्या कोटेशनवर नवी तारीख टाकून पाठवलेला पीओ पुढे बिलाशी जुळणार नाही.

जीएसटी आणि टीडीएसचं काय?

प्रो-रेटा बिलाला वेगळा नियम नाही. जीएसटी प्रो-रेटा रकमेवर लागतो, वार्षिक रकमेवर नाही. व्हेंडर महाराष्ट्रातलाच आणि तुमची नोंदणीही महाराष्ट्रातली असेल तर ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी, परराज्यातला असेल तर १८ टक्के आयजीएसटी. व्हेंडर परदेशी असेल आणि तुमची जीएसटी नोंदणी असेल तर कर रिव्हर्स चार्जने तुम्ही भरता. तुटक बिल छोटं असल्यामुळे ते क्रेडिट कार्डाच्या खर्चात जातं आणि हा कर भरायचा राहून जातो.

टीडीएस कापताना बिलावर वेगळा दाखवलेला जीएसटी वगळून मूळ रकमेवर कापा. ‘रक्कम छोटी आहे, मर्यादेखाली बसते’ असं समजून सोडूनही देऊ नका. मर्यादा त्या व्हेंडरला वर्षभरात दिलेल्या एकूण रकमेवर बघतात आणि एप्रिलच्या मोठ्या बिलाने ती आधीच ओलांडलेली असते. तुमच्या व्यवहाराला कोणता दर लागतो हे सीएंकडून पहिल्या बिलालाच ठरवून घ्या आणि पुढच्या तुटक बिलांना तोच लावा.

रिन्यूअलचं बिल एवढं कसं वाढलं? आम्ही तर ऑगस्टमध्ये एक लाख अकरा हजारांचीच खरेदी केली होती.

कारण ऑगस्टचं बिल साडेसात महिन्यांचं होतं. रिन्यूअलला त्याच सीटचं पूर्ण वर्ष लागतं.

व्हेंडरने रिन्यूअलला ५ टक्के दरवाढ मागितली असं धरू. नवीन बिल ९,४५,००० रुपये. २०२५-२६ मध्ये तुम्ही भरले होते ७,२०,००० आणि १,११,४५२, म्हणजे ८,३१,४५२. वाढ १३.७ टक्क्यांची दिसते आणि बैठकीत ‘व्हेंडरने चौदा टक्के वाढवले’ असं वाक्य ऐकू येतं. ते खरं नाही. वाढीचे दोन वेगळे तुकडे आहेत. ९,००,००० पर्यंतची ६८,५४८ रुपयांची वाढ तुमच्याच १५ सीटचं वर्ष पूर्ण झाल्याची आहे. त्यावरचे ४५,००० रुपये ही दरवाढ. वाटाघाटी करायची ती या ४५,००० वर. पहिल्या तुकड्यावर भांडलात तर व्हेंडर एक तक्ता दाखवतो आणि तुमची बाजू दुबळी पडते.

यावर उपाय खरेदीच्या दिवशीच करायचा असतो. मंजुरीच्या फॉर्मवर दोन आकडे लिहायला लावा: या वर्षीचा खर्च १,११,४५२ आणि पुढच्या वर्षापासूनचा खर्च १,८०,०००. विभागप्रमुखाची सही दोन्हींवर घ्या. एका आकड्यावर सही घेतली की मार्चमध्ये प्रत्येकाला धक्का बसतो.

फेब्रुवारीत सीट हव्या आहेत. मुदत दीड महिन्यावर आली आहे. घ्याव्यात का?

घ्या, पण आधी करारातली नोटीसची अट वाचा. पुष्कळ करारांत असं असतं की मुदत संपण्याच्या ६० दिवस आधी लेखी कळवलं नाही तर त्या वेळच्या सीटसंख्येनेच करार आपोआप रिन्यू होतो. ३१ मार्चच्या ६० दिवस आधी म्हणजे ३० जानेवारी. ती तारीख गेल्यावर १६ फेब्रुवारी २०२६ ला १५ सीट घेतल्या तर ४४ दिवसांचे फक्त २१,६९८.६३ रुपये लागतात. रक्कम एवढीशी दिसते की कुणी दोनदा विचार करत नाही. पण त्या ‘हो’मध्ये पुढच्या वर्षाचे १,८०,००० रुपयेही आले, कारण सीट कमी करण्याची नोटीस द्यायची मुदत आधीच टळलेली असते.

अशा वेळी ऑर्डर फॉर्मवर लिहून घ्या की या १५ सीट ३१ मार्चला संपतील आणि आपोआप रिन्यू होणार नाहीत. व्हेंडर नाही म्हणाला तर निदान आपण पूर्ण वर्षाची खरेदी करत आहोत हे समजून मंजुरी घ्या. काही व्हेंडर एवढं छोटं तुटक बिल काढतच नाहीत आणि ४४ दिवस अधिक पुढचे १२ महिने असं एकत्र बिल देतात. माणसं कायम राहणार असतील तर त्यात वाईट काही नाही, फक्त पुढच्या वर्षाचा दर त्याच कागदावर पक्का करून घ्या. तो पक्का न करता पैसे दिलेत तर बाकीच्या ६० सीटच्या वाटाघाटीतला तुमचा जोर जातो.

माणसं सोडून गेली. वाढवलेल्या सीट परत करता येतात का?

मुदत संपेपर्यंत सहसा नाही. सीट वर चढतात, खाली उतरतात ते रिन्यूअललाच. काही ठिकाणी सुरुवातीचे थोडे दिवस मोकळे असतात. मायक्रोसॉफ्टची लायसन्स भागीदारामार्फत नव्या पद्धतीने घेतली असतील तर वाढवलेल्या सीट सात दिवसांच्या आत कमी करता येतात. त्यानंतर मुदतभर त्या तुमच्याच. म्हणून सीट वाढवल्यावर आठवड्याभरात सगळी नावं खरोखर जोडली गेलीत का ते बघा. रिकामी सीट दुसऱ्या माणसाला देता येते, तेव्हा नवीन घेण्याआधी रिकाम्या किती आहेत हेही ॲडमिनच्या पानावर मोजून घ्या.

आमच्या नेटवर्क लायसन्सचं बिल प्रो-रेटा आलं नाही, पूर्ण वर्षाचं आलं. पण शेवटची तारीखच बदलली. हे काय?

हा को-टर्मचा दुसरा प्रकार आहे. सिस्को मेराकीच्या को-टर्म लायसन्समुळे तो सगळ्यांना माहीत झाला. तिथे पैसे कमी करत नाहीत, तारीख सरकवतात. सगळ्या लायसन्सचे उरलेले दिवस एकत्र करून सर्व उपकरणांत वाटतात आणि सगळ्यांची एकच नवी तारीख काढतात.

समजा एकाच प्रकारच्या ६० उपकरणांचे २२६ दिवस उरलेत आणि तशीच १५ नवी उपकरणं ३६५ दिवसांच्या लायसन्ससह आली. ६० गुणिले २२६ म्हणजे १३,५६०, आणि १५ गुणिले ३६५ म्हणजे ५,४७५. बेरीज १९,०३५, भागिले ७५ म्हणजे २५३.८ दिवस. सगळ्यांची मुदत ३१ मार्चवरून एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत गेली. पैसे बुडाले नाहीत, ते सगळ्या उपकरणांच्या दिवसांत विरघळले. उपकरणं वेगवेगळ्या किमतीची असतील तर महागड्याचं वजन जास्त धरतात, म्हणून साधी सरासरी जुळणार नाही.

याची उलट बाजू लक्षात ठेवा. उरलेल्या दिवसांपेक्षा कमी मुदतीचं लायसन्स घेऊन उपकरण जोडलं तर सरासरी खाली येते आणि तारीख मागे येते. बजेटच्या फाइलमध्ये जुनी तारीख तशीच असते. म्हणून प्रत्येक खरेदीनंतर डॅशबोर्डवरची तारीख पाहून नोंद बदला.

बिल चुकलेलंच आहे. कमी पैसे भरून टाकावेत का?

नको. कमी भरलं की व्हेंडरच्या खात्यात थकबाकी दिसते, काही दिवसांनी सीट बंद करण्याचा ईमेल येतो. शिवाय व्हेंडरने जीएसटी पूर्ण बिलावर भरलेला असतो आणि बिलाची रक्कम १८० दिवसांत चुकती केली नाही तर त्या प्रमाणात घेतलेलं क्रेडिट तुम्हाला परत करावं लागतं.

व्हेंडरला लेखी कळवा आणि एकाच ईमेलमध्ये चार गोष्टी द्या: बिल क्रमांक, तुमच्या मते सुरुवातीची व शेवटची तारीख, दिवसांची संख्या आणि तुमचा आकडा. सोबत ऑर्डर फॉर्मचं पान आणि स्क्रीनशॉट. ‘बिल जास्त वाटतंय’ एवढंच लिहिलं तर ते सेल्सकडून बिलिंगकडे आणि बिलिंगकडून सेल्सकडे फिरत राहतं.

बिल अजून जीएसटी विवरणात गेलं नसेल तर व्हेंडर ते रद्द करून नवीन काढू शकतो. गेलं असेल तर फरकाची क्रेडिट नोट मागा आणि तिच्यावर मूळ बिलाचा क्रमांक आहे का ते बघा. जीएसटीसह क्रेडिट नोट विवरणात दाखवायला मर्यादा असते: आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत. ऑगस्ट २०२५ च्या बिलासाठी ती तारीख ३० नोव्हेंबर २०२६, किंवा त्याआधी व्हेंडरने वार्षिक विवरण भरलं तर तो दिवस. ‘पुढच्या रिन्यूअलमध्ये वळतं करून देतो’ हे तोंडी आश्वासन स्वीकारू नका. रिन्यूअलच्या वेळी समोर दुसराच माणूस बसलेला असतो आणि त्याच्याकडे त्याची नोंद नसते.